सलून उघडण्याआधी: भाडेकरार, वस्तरा आणि विमा

सेलूसारख्या तालुक्याच्या गावात दहा बाय पंधराचा गाळा, दोन खुर्च्या, मालक स्वतः आणि हाताखाली एक कारागीर, एवढं सलून धरून चालू. सरकारी कागद यात फार अवघड नाहीत. मात्र सुरुवात भाडेकरारापासून करा, कारण पुढच्या प्रत्येक अर्जाला पत्त्याचा पुरावा त्यातूनच जातो. अकरा महिन्यांचा करार नोटरी करून भागतं असं सगळे सांगतात. महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मुदत कितीही असो, आणि नोंदणी करून देण्याची जबाबदारी गाळामालकाची आहे. करारातच ‘सलून व्यवसायासाठी’ असं लिहून घ्या. विजेचा मीटर घरगुती असेल तर व्यावसायिक करायला लावा. घरगुती जोडणीवर धंदा पकडला गेला तर आकारणी दुप्पट दराने होते.

मग गुमास्ता. एखाद-दुसराच कामगार असेल तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार नोंदणी नाही, फक्त सूचना द्यायची असते, तीही धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत. ‘आपले सरकार’ पोर्टलवर कामगार विभागात नमुना ‘एफ’ भरायचा. आधार, पॅन, फोटो, जागेचा पुरावा आणि दुकानाचा फोटो तयार ठेवा. फोटोत मराठी पाटी दिसली पाहिजे, म्हणून पाटी आधी लावा. पाटीवर दुसरी लिपी असेल तर देवनागरी अक्षरं तिच्यापेक्षा लहान चालत नाहीत. मिळालेली पावती, म्हणजे नमुना ‘जी’, बँकेत चालू खातं काढताना लागते. नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा परवाना वा नाहरकत लागते का, हे तिथेच जाऊन विचारा. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

आता स्वच्छता, जिची कोणताही अर्ज खोलात चौकशी करत नाही. गिऱ्हाइकागणिक नवं ब्लेड घालणं आता बहुतेक ठिकाणी होतं, पण वस्तऱ्याची मूठ तीच राहते आणि तुरटीचा खडाही तोच. दाढीत कापलं की तोच ओला खडा सकाळपासून दहा जणांच्या गालावर फिरतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. म्हणून तुरटीची पूड करा आणि चिमूटभर कापसावर घेऊन लावा, कापूस लगेच टाकून द्या.

प्लास्टिकचे कंगवे आधी साबणाने धुवा, केस आणि तेल राहिलं तर औषध आत पोचत नाही. मग पाच टक्क्यांचं ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग अशा द्रावणात दहा मिनिटं बुडवून परत धुवा. द्रावण रोज ताजं करा, ठेवलं की जोर कमी होतो. कात्री, मूठ आणि मशीनच्या पात्याला ब्लीच लावू नका, गंज चढतो. ती आधी स्वच्छ करून सत्तर टक्के स्पिरिटने पुसा. निळ्या दिव्याच्या पेटीवर विसंबू नका. प्रकाश जिथे पडतो तेवढाच भाग शुद्ध होतो, कंगव्याच्या दातांमधली घाण तशीच राहते. वापरलेली ब्लेडं जाड डब्यात टाका, पिशवीत नको. कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो.

हे सगळं पाण्यावर उभं आहे. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे नळ कधी येईल याचा नेम नसतो. धुण्याच्या पाण्याची झाकणाची वेगळी टाकी पहिल्या खर्चातच धरा.

विम्यात चूक होते ती रकमेत. छोट्या दुकानाला ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आहे. आग, पूर, दंगल तीत येते. हप्ता वाचवायला काहीजण सामान कमी लिहितात. खुर्च्या, आरसे, एसी, इन्व्हर्टर मिळून चार लाखांचा माल असून दोन लाखांचाच विमा काढला आणि शॉर्ट सर्किटच्या आगीत एक लाखाचं नुकसान झालं, तर मालाच्या निम्म्याचाच विमा म्हणून भरपाईही निम्मी, साधारण पन्नास हजार. साध्या चोरीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. पॉलिसीवरचं नाव, पत्ता आणि व्यवसाय करार व नमुना ‘जी’शी जुळवून पाहा, तफावत असली की दाव्यावेळी प्रश्न निघतात. कारागिराला कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी तुमची, म्हणून त्याचाही विमा धरा.

गिऱ्हाइकाला इजा झाली तर? सार्वजनिक दायित्वाच्या पॉलिसीत घसरून पडणं येतं, पण केसांच्या रंगाने टाळू भाजणं येतंच असं नाही. एजंटला हे नेमकं विचारा आणि उत्तर लेखी घ्या. काळ्या रंगातल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी काहींना जबर होते. कानामागे थेंबभर लावून ४८ तास थांबा आणि तारीख, नाव, सही वहीत घ्या. गिऱ्हाईक घाईत असलं तरी रंग त्या दिवशी लावू नका.