विमानातील सेफ्टी कार्डचे वाचन

विमानात समोरच्या आसनाच्या कप्प्यात असलेले, संकटकाळी काय करायचे ते चित्रांतून सांगणारे जाड कार्ड म्हणजे सेफ्टी कार्ड. त्यावर मजकूर जवळजवळ नसतोच. सातारा-सांगलीकडचे प्रवासी विमानासाठी बहुधा पुणे किंवा कोल्हापूर गाठतात. पहिल्यांदाच बसणाऱ्या माणसाला नातेवाईक आधीच्या प्रवासात काढलेला या कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात. असा फोटो उपयोगी असतो, पण आधी त्याच्या कोपऱ्यातले विमानाचे नाव पाहावे. कार्ड एका प्रकारच्या विमानापुरतेच असते. शिवाय ते दोन्ही बाजूंनी छापलेले असते आणि फोटो अनेकदा एकाच बाजूचा असतो. प्लास्टिकच्या आवरणावर दिव्याची चमक पडली की चौकटींचे बारीक आकडेही पुसले जातात.

एका ओळीतल्या चौकटींत दिसणारी माणसे वेगवेगळी नसतात. एकच माणूस पुढची पुढची कृती करताना दाखवलेला असतो, म्हणून आकडे असतील त्या क्रमाने वाचावे. बाण ओढण्याची किंवा फिरवण्याची दिशा दाखवतो. लाल फुली म्हणजे ते करू नये.

सर्वांत जास्त धास्ती वरून लोंबणाऱ्या पिवळ्या मास्कच्या चित्राची वाटते. केबिनमधला हवेचा दाब सुमारे १४,००० फूट उंचीवरच्या इतका कमी झाला की हे मास्क आपोआप खाली येतात. पहिल्या चौकटीतला बाण मास्क स्वतःकडे ओढायला सांगतो आणि नेमकी हीच कृती लोक विसरतात. पुष्कळ विमानांत त्या ओढीनेच वरच्या पेटीतली पिन निघते आणि रासायनिक क्रियेने ऑक्सिजन तयार होऊ लागतो. नुसता लोंबता मास्क तोंडाला टेकवून दोरी सैलच राहिली, तर तो सुरू होणार नाही. मग नाक-तोंड झाकायचे आणि इलॅस्टिक डोक्यामागे घ्यायचे. पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो, आणि पेटी तापल्याने थोडा जळका वास येऊ शकतो. हा पुरवठा साधारण १२ ते १५ मिनिटांचा असतो. तेवढ्यात वैमानिक विमान १०,००० फुटांपर्यंत खाली आणतो, जिथे मास्कची गरज उरत नाही.

शेजारच्या चौकटीत आई आधी स्वतःला मास्क लावते, मग मुलाला. कित्येकांना हे निर्दयी वाटते, पण ३५,००० फुटांवर ऑक्सिजनशिवाय माणूस शुद्धीत राहून काही करू शकतो तो वेळ अर्धा ते एक मिनिट. मुलाच्या इलॅस्टिकशी झटापट करताना आईच बेशुद्ध पडली, तर दोघेही अडकतात.

लाइफ जॅकेटच्या चित्रांत फुगवण्याची लाल दोरी ओढणारा माणूस दाराशी उभा दाखवतात, आसनावर नाही. याचे कारण १९९६ मध्ये कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलेल्या इथिओपियन एअरलाइन्सच्या विमानात दिसले. काहींनी आतच जॅकेट फुगवले. पाणी भरल्यावर ते छताकडे उचलले गेले आणि त्यांना खाली वाकून दारापर्यंत जाता आले नाही.

आता तासगावच्या एखाद्या प्रवाशाचे उदाहरण घेऊ. त्याच्याकडे पुण्याहून सुटलेल्या एअरबस ए-३२० च्या कार्डाचा फोटो आहे आणि तिकीट कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून सुटणाऱ्या एटीआर-७२ चे, म्हणजे बाहेर मोठे पंखे फिरणाऱ्या विमानाचे. फोटोत चार दारे आहेत, दोन पुढे आणि दोन मागे. मध्ये विमानाच्या पंखांवर उघडणाऱ्या खिडकीवजा वाटाही आहेत. दारांशी फुगणाऱ्या घसरगुंड्या दिसतात. उंच टाचांवर फुली असते, कारण टोकदार टाच घसरगुंडी फाडू शकते. हातातल्या बॅगेवरही फुली असते, कारण बॅग घेऊन निघालेला एक माणूस मागची सगळी रांग अडवतो.

एटीआरमध्ये यातले बरेच जुळत नाही. त्याचे पंख छताच्या पातळीवर असल्याने पंखावर उघडणारी वाट नसते. प्रवासी मागच्या डाव्या दाराने चढतात, त्यासमोर उजवीकडे दुसरे दार असते आणि पुढच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक आपत्कालीन वाट. दारे जमिनीपासून फारशी उंच नसल्याने घसरगुंडीही नसते. विमान २५,००० फुटांच्या वर जात नाही, त्यामुळे वरून पडणारे मास्कही साधारणतः नसतात. ते दिसले नाहीत म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

म्हणून या प्रवाशाने फोटोवरून मास्क आणि जॅकेटची रीत समजून घ्यावी, पण दारांचा नकाशा मात्र बसल्यावर समोरच्या कप्प्यातले कार्ड काढून पाहावा. आपल्या आसनापासून पुढच्या आणि मागच्या वाटेपर्यंत किती रांगा आहेत ते मोजून ठेवावे. धुरात दिवे दिसले नाहीत, तरी आसनांच्या पाठी हाताने चाचपत तेवढ्या रांगा ओलांडता येतात. वाटेच्या चित्राशेजारी खिडकीबाहेर ज्वाळा आणि त्यावर फुली दिसली, तर त्याचा अर्थ असा की बाहेर आग असल्यास ती वाट उघडायची नाही, दुसरीकडे वळायचे.