किंमत सीमांत खर्चाइतकी आणि सरासरी खर्च किमान: या दोन वेगळ्या परीक्षा आहेत

परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ होणारा एक तक्ता असतो: पूर्ण स्पर्धेपुढे दोन बरोबरच्या खुणा, मक्तेदारीपुढे दोन फुल्या. तक्ता सोयीचा आहे, पण त्यामुळे वाटपाची कार्यक्षमता आणि उत्पादनाची कार्यक्षमता ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात दोघींचे प्रश्न वेगळे आहेत.

वाटपाची कार्यक्षमता विचारते, की ही वस्तू योग्य तितकी बनतेय का? शेवटच्या नगासाठी ग्राहक जेवढे मोजायला तयार आहे, तेवढाच तो नग बनवायला जादा खर्च येत असेल, म्हणजे किंमत = सीमांत खर्च असेल, तर उत्तर ‘हो’. उत्पादनाची कार्यक्षमता विचारते, की जे बनतंय ते प्रति नग कमीत कमी खर्चात बनतंय का? इथे किंमत पाहायचीच नाही. उत्पादन सरासरी खर्चाच्या वक्राच्या तळाशी आहे का, एवढंच पाहायचं.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवू. एका उत्पादकाने q नग बनवले तर त्याचा एकूण खर्च TC, सरासरी खर्च AC आणि सीमांत खर्च MC असे आहेत:

```
TC = 100 + q²
AC = 100/q + q
MC = 2q
```

q = 10 ला सरासरी खर्च 20 होतो आणि सीमांत खर्चही 20. तळ तो हाच, कारण सीमांत खर्चाचा वक्र सरासरीच्या वक्राला त्याच्या तळाशीच छेदतो.

आधी पूर्ण स्पर्धा. समजा, बाजारात किंमत 30 आहे. उत्पादकाला ती आहे तशी स्वीकारावी लागते, म्हणून तो सीमांत खर्च 30 होईपर्यंत, म्हणजे 15 नग बनवतो. किंमत सीमांत खर्चाइतकी झाली. पहिली परीक्षा पास. पण 15 नगांवर सरासरी खर्च सुमारे 21.67 आहे, तळाचा 20 नाही. अल्पकाळातली पूर्ण स्पर्धा दुसऱ्या परीक्षेत अडकते, आणि तक्त्यात ही गोष्ट बहुधा सुटते.

पुढे काय होतं? उत्पन्न 450, खर्च 325, नफा 125. नफा पाहून नवे उत्पादक येतात, पुरवठा वाढतो, किंमत घसरत 20 वर येते. आता प्रत्येक जण 10 नग बनवतो आणि दोन्ही अटी एकदम पूर्ण होतात. मात्र त्यामागची कारणं दोन आहेत. किंमत आणि सीमांत खर्च जुळले ते किंमत ठरवणं कुणाच्याच हातात नाही म्हणून. उत्पादन तळाशी आलं ते बाजारात येण्याची वाट मोकळी आहे म्हणून. यातलं एक काढून घेतलं तर दुसरं आपोआप पडेलच असं नाही.

याचा पुरावा मक्तेदारीत सापडतो. हाच खर्च असलेला उत्पादक बाजारात एकटा आहे आणि मागणी P = 60 − 2q आहे असं धरा, P म्हणजे किंमत. सीमांत प्राप्ती, म्हणजे आणखी एक नग विकून मिळणारं जादा उत्पन्न, 60 − 4q; नफा सर्वाधिक करायला ती सीमांत खर्चाच्या 2q बरोबर ठेवली की q = 10. म्हणजे मक्तेदार नेमका तळावर उभा आहे! किंमत मात्र 40 आणि सीमांत खर्च 20. उत्पादनाच्या परीक्षेत पास, वाटपाच्या परीक्षेत नापास. किंमत सीमांत खर्चाइतकी हवी तर 15 नग बनायला हवेत. दहाव्यानंतरचे पाच नग न बनल्याने समाजाचं 50 इतकं कल्याण बुडतं (½ × 20 × 5). उलट त्याला 15 नग बनवायला लावले तर वाटप सुधारेल, पण सरासरी खर्च पुन्हा 21.67.

हे आकडे मी मुद्दाम जुळवले आहेत, हे कबूल. मक्तेदार सहसा तळावर सापडत नाही. तिथे येण्याची सक्तीच त्याच्यावर नसते. पण ‘सहसा नाही’ आणि ‘शक्यच नाही’ यात फरक आहे. किंमत सीमांत खर्चापेक्षा वर ठेवणं मात्र त्याच्या नफ्याच्या गणितातच आहे.

मक्तेदारीयुक्त स्पर्धेत वाट मोकळी असते, तरीही उत्पादन तळाशी पोचत नाही. प्रत्येकाची वस्तू थोडी वेगळी, म्हणून त्याची मागणीरेषा उतरती. नवे येत राहतात आणि ती रेषा सरासरी खर्चाच्या वक्राला नुसती टेकेपर्यंत मागे सरकते. आपल्या उदाहरणात ती P = 40 − 3q झाली, तर ती q = 5 ला टेकते: किंमत 25, सरासरी खर्च 25, नफा शून्य. ‘नफा शून्य, म्हणजे कार्यक्षम’ ही चूक इथेच होते. सीमांत खर्च फक्त 10 आहे आणि उत्पादन तळाच्या निम्मं. उतरती रेषा वक्राला त्याच्या उतरत्या भागातच टेकू शकते, म्हणून ही जादा क्षमता कायम राहते. तिला सरळ नासाडी म्हणणं मला घाईचं वाटतं, कारण त्या बदल्यात ग्राहकाला विविधता मिळते आणि या दोन अटी विविधतेची किंमत मोजत नाहीत.

अल्पाधिकाराला, म्हणजे मोजकेच उत्पादक असलेल्या बाजाराला, एकच खूण देता येत नाही. संगनमत असेल तर निकाल मक्तेदारीसारखा. दोघेच असले, वस्तू हुबेहूब सारखी, सीमांत खर्च दोघांचाही सारखाच व स्थिर, आणि ते किमतीवरूनच भिडले, तर किंमत थेट सीमांत खर्चापर्यंत उतरते.