स्पार्क प्लग नसलेल्या इंजिनात डिझेल पेटतं कसं?

विहिरीवरच्या जुन्या एकसिलिंडरी डिझेल इंजिनाला हँडल मारून चालू करताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना ती रीत आठवत असेल. आधी डोक्यावरची डिकॉम्प्रेशनची खिट्टी उचलून धरायची, हँडलने जड चाकाला चांगली गती द्यायची आणि मग खिट्टी सोडायची. धप्प असा आवाज येतो आणि इंजिन धरतं. यात ठिणगी कुठेच नाही. पेट्रोल इंजिनाला स्पार्क प्लग लागतो, डिझेलला तो नसतो. रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची १८९७ साली ऑग्सबर्गला यशस्वी चाचणी झाली, तेव्हापासून तत्त्व हेच आहे: हवा इतकी दाबायची, की ती स्वतःच इंधन पेटवण्याइतकी तापेल. ती नेमकी किती तापते हे कागदावर काढता येतं, आणि त्यासाठी फार गणितही लागत नाही.

समजा पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये १ लिटर हवा आहे, तापमान २७ अंश सेल्सियस, म्हणजे ३०० केल्विन, आणि दाब साधारण १ बार. पिस्टन वर जातो आणि हीच हवा अठराव्या हिश्शात, म्हणजे जेमतेम ५६ मिलिलिटरमध्ये कोंबली जाते. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर या एका खेपेला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. एवढ्यात सिलिंडरच्या भिंतींतून उष्णता बाहेर पडायला फारसा अवधीच मिळत नाही. उष्णतेची अशी देवघेव न होता घडणाऱ्या बदलाला ॲडियाबॅटिक म्हणतात.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर पिस्टन तसा सावकाशच चालतो. त्याचा सरासरी वेग सेकंदाला पाच-सहा मीटर, आणि हवेत दाबाचा बदल पसरतो ध्वनीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास. त्यामुळे प्रत्येक क्षणी सिलिंडरभर दाब जवळपास सारखाच राहतो, आणि पिस्टन तसाच मागे नेला तर हवा आल्या वाटेने परत जाते. उष्णतेच्या मानाने झटपट आणि ध्वनीच्या मानाने सावकाश, या दोन्ही अटी एकदम पाळल्या गेल्या की बदलाला रिव्हर्सिबल ॲडियाबॅटिक म्हणता येतं.

उष्णता बाहेर जात नाही, म्हणजे पिस्टनने केलेलं सगळं काम हवेच्या आतल्या ऊर्जेत जमा होतं, आणि आदर्श वायूच्या बाबतीत ही ऊर्जा फक्त तापमानावर अवलंबून असते. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की ठरावीक कामाला तापमान किती चढेल. हे सांगतो गॅमा. स्थिर दाबाखाली वायू एक अंश तापवायला जितकी उष्णता लागते, तिला स्थिर आकारमानात लागणाऱ्या उष्णतेने भागलं की गॅमा मिळतो. हवेसाठी तो १.४ आहे. हवेत मुख्यतः नायट्रोजन आणि ऑक्सिजन, दोघांचेही रेणू दोन अणूंचे. दिलेली ऊर्जा ते धावण्यात आणि गिरक्या घेण्यात वाटून टाकतात, पण तापमान ठरतं धावण्यावरून. आर्गॉनचे सुटे अणू गिरक्या घेत नाहीत, त्याचा गॅमा १.६७ असतो, आणि म्हणून तेवढ्याच दाबणीला तो बराच जास्त तापतो.

गॅमातून १ वजा केला की उरतात ०.४, आणि खरी गोम याच आकड्यात आहे. आकारमान १ टक्क्याने घटलं, की केल्विनमधलं तापमान ०.४ टक्के वाढतं. पुढचा १ टक्का नव्या तापमानावर मोजायचा, चक्रवाढ व्याजासारखा. हे सगळे बारीक टप्पे जोडले की सूत्र मिळतं. यात T म्हणजे तापमान, V म्हणजे आकारमान, γ म्हणजे गॅमा; १ सुरुवातीचं, २ शेवटचं:

T₂ = T₁ × (V₁/V₂)^(γ−1)

आकारमान निम्मं झालं, की तापमान २^०.४ म्हणजे १.३२ पट होतं. ३०० वरून निघालो तर पहिल्यांदा निम्मं झाल्यावर ३९६, मग ५२२, मग ६८९, आणि चौथ्यांदा, म्हणजे सोळाव्या हिश्शाला, ९०९ केल्विन. तिथून अठराव्या हिश्शापर्यंत गेलो की ९५३ केल्विन, म्हणजे ६८० अंश सेल्सियस. डिझेल सव्वादोनशे अंशांच्या आसपास आपोआप पेट घेतं. त्यामुळे नोझलमधून फवारा आला की ठिणगीची वाट कोण पाहतो! या गणितात सेल्सियसचा आकडा तसाच घातला, तर २७ अंशांचे जेमतेम ८६ अंश होतात. उत्तर असं हास्यास्पद आलं की चूक तिथेच शोधावी.

आता काम. हवेवर झालेलं काम म्हणजे तिच्या आतल्या ऊर्जेतली वाढ, म्हणून मोजणी सरळ आहे. W म्हणजे काम, P म्हणजे दाब:

W = (P₂V₂ − P₁V₁)/(γ − 1)

सुरुवातीचा PV म्हणजे १ बार गुणिले १ लिटर, बरोबर १०० जूल. PV हा तापमानाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून शेवटी तो ३१८ जूल होतो. फरक २१८, त्याला ०.४ ने भागलं की सुमारे ५४४ जूल. यातले ९४ जूल पिस्टनच्या खालच्या बाजूने ढकलणारी बाहेरची हवाच देते. उरलेले ४५० दांड्याकडून यावे लागतात. २० लिटर पाणी सव्वादोन मीटर वर उचलायला एवढंच काम लागतं, पण इथे ते अर्ध्या फेऱ्यात व्हायला हवं. हाताला हे झेपणारं नाही. म्हणून खिट्टी झडप उघडी धरते, हवा दाबली न जाता निसटते, आणि माणूस आपली ताकद थोडी थोडी करून चाकात साठवतो. खिट्टी सोडली की ते चाक एका दमात हप्ता भरतं. गंमत म्हणजे फवारा आलाच नाही, तर दाबलेली हवा पिस्टनला खाली ढकलत त्यातलं बरंचसं काम चाकाला परत करते.

अर्थात खऱ्या इंजिनात ९५३ केल्विन मिळत नाहीत. हवा तापते तसे तिचे रेणू कंप पावू लागतात, ऊर्जेला आणखी एक वाटेकरी येतो आणि गॅमा घटतो. सरासरी १.३५ धरला तर उत्तर ८२५ केल्विनवर उतरतं. हाताने फिरवताना तर वेग फारच कमी असतो. भिंती गार, उष्णता पळायला वेळ भरपूर, आणि झिजलेल्या रिंगांमधून हवाही निसटते. हा सगळा तोटा घातांकात घालून १.४ च्या जागी १.२ घेऊ, आणि थंडीतली सकाळ म्हणून सुरुवात १० अंशांवरून करू. २८३ गुणिले १८^०.२ म्हणजे ५०५ केल्विन, जेमतेम २३२ अंश. डिझेल पेटलं तर पेटलं, नाहीतर नुसता पांढरा धूर. हिवाळ्यात इंजिन का रुसतं ते इथे दिसतं, आणि हँडल जोरात मारण्याचा आग्रह का धरतात तेही.

मिस्त्री ‘कॉम्प्रेशन गेलंय’ म्हणतो तेव्हा तो दाबमापक लावून हेच पाहत असतो. १.४ घातांकाने दाब १८^१.४ म्हणजे ५७ बार यायला हवा, १.२ ने तो ३२ च येतो. मापक बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतो, म्हणून त्याच्या आकड्यात १ मिळवावा आणि बेरजेला १८ ने भागावं. हवा गळत नसेल, तर केल्विनमधलं तापमान किती पट झालं ते लगेच कळतं: मापकावर ३१ असेल, तर १.७८ पट.