दिरहम तेवढेच, मग रुपये कमी का?

आमच्या चिपळूणच्या काउंटरवर २०२५ च्या मे महिन्यात एक मावशी मोबाइल पुढे धरून म्हणाल्या, "दादा, मुलाने नेहमीसारखे दोन हजार दिरहमच पाठवलेत. हजार-अकराशे रुपये मधल्या मध्ये कुठे गेले?" मधल्या मध्ये कोणी घेतले नव्हते. पण असा संशय अनेकांना येतो, म्हणून हे पत्रक.

दुबईचा दिरहम अमेरिकी डॉलरला बांधलेला आहे. १९९७ पासून एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम, हा हिशेब हललेला नाही. सौदी रियालचंही तसंच, एका डॉलरला ३.७५. त्यामुळे डॉलर रुपयांत उतरला की दिरहम आणि रियालही त्याच्याबरोबर उतरतात. त्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला डॉलर ८७ रुपयांच्या वर होता, मेच्या सुरुवातीला ८५ च्या खाली आला. ८७ ला ३.६७२५ ने भागा, दिरहम २३ रुपये ६९ पैसे येतो. ८५ ला भागलं तर २३ रुपये १४ पैसे. फरक दिसायला पंचावन्न पैशांचा, पण दोन हजार दिरहमवर तो अकराशे रुपये होतो. मावशींचे पैसे तिथे गेले.

पेपरात "रुपया वधारला" अशी बातमी येते, तेव्हा नेमकं हेच झालेलं असतं. डॉलरसमोरचा आकडा लहान होतो, म्हणजे रुपया मजबूत होतो. देशासाठी ती बातमी चांगली असेल, पण ज्यांचा पगार परदेशी चलनात आणि खर्च इथल्या रुपयांत, त्यांचं उत्पन्न त्या दिवशी घटतं.

याचा सगळ्यात मोठा चटका आमच्या जुन्या ग्राहकांना २००७ मध्ये बसला. त्या वर्षी परदेशी गुंतवणुकीचे डॉलर भारतात धो धो आले, डॉलर विकून रुपये घेणारे वाढले आणि रुपया चढला. वर्षाच्या सुरुवातीला ४४ च्या आसपास असलेला डॉलर नोव्हेंबरात ३९ रुपयांच्या घरात होता. म्हणजे दिरहम बारा रुपयांवरून पावणेअकराच्याही खाली, साधारण १० रुपये ७० पैशांवर.

समजा, तिकडचा मुलगा महिन्याला १५०० दिरहम पाठवतोय. घरी १८,००० यायचे, ते १६,०५० झाले. घराच्या कर्जाचा हप्ता ९,०००, शाळेची फी आणि रिक्षा मिळून ४,०००. यातला एक रुपयाही कमी होत नाही. म्हणजे किराणा, औषध आणि पाहुण्यारावळ्यांसाठी जे ५,००० उरायचे, ते ३,०५० वर आले. एकूण रक्कम अकरा टक्के घटली, पण हातात उरणारा पैसा जवळजवळ चाळीस टक्के. घरात ओढाताण जाणवते ती यामुळे.

रुपया मजबूत झाला की बाहेरून येणारा माल स्वस्त व्हायला हवा, हे खरं आहे. पण बाजारपुलावरची मासळी, मास्तरांची शिकवणी, गवंड्याची मजुरी यांना डॉलर माहीत नाही. ती घट भरून निघत नाही.

घरी १८,००० च पोचवायचे असतील तर मुलाला १,६८२ दिरहम पाठवावे लागतात. वरचे १८२ त्याच्या मेसच्या आणि खोलीभाड्याच्या पैशांतून जातात, आणि त्या वर्षी दुबईत भाडी वाढतच होती. एजंटाला देण्यासाठी इथे रुपयांत कर्ज काढून गेलेल्यांचं तर कर्जच दिरहमात मोठं झालं.

"मग भाव सुधारेपर्यंत थांबायचं का?" २००७ मध्ये जे थांबू शकले, त्यांना २००८ च्या शेवटी डॉलर ५० रुपयांच्या आसपास मिळाला. पण त्याच सुमारास दुबईतली बांधकामं ठप्प झाली आणि अनेकांची नोकरी गेली. भाव पुढे कुठे जाईल हे आम्हालाही कळत नाही. हप्त्यापुरते पैसे वेळेवर मागवा, दागिने किंवा जमिनीसाठीचे मागे ठेवायचे तर ठेवा, एवढंच आम्ही सांगतो.

आता संशयाचं. आमच्याकडून रोख घेतल्या जाणाऱ्या रकमेचा रुपयांतला आकडा मुलाने तिकडे दिरहम भरले तेव्हाच ठरलेला असतो आणि त्याच्या पावतीवर छापलेला असतो. तोच आकडा आम्ही तुमच्या हातात देतो. पावतीचा फोटो मागवून घ्या. त्या दिवशीच्या डॉलरच्या भावाला ३.६७२५ ने भागा आणि पावतीवरच्या भावाशी ताडून बघा. थोडा फरक असणारच, तो तिकडच्या एक्स्चेंजचा नफा. फरक नेहमीइतकाच असेल तर रुपया चढलाय. फरकच वाढला असेल, तर मुलाला पुढच्या वेळी शेजारच्या दुसऱ्या एक्स्चेंजमध्ये भाव विचारायला सांगा.