आंबायला दोन दिवस, मुरायला दोन वर्षं

पुण्यातल्या मायक्रोब्रुअरींच्या फळ्यावर हल्ली एखादी तरी ‘सावर’ लिहिलेली असते. कधी कोकम घातलेली, कधी आंबा. डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली ते २००९ साल होतं. तेव्हा आंबट बिअर मागणारा माणूस इथे सापडला नसता. आता लोक नावानं मागतात, आणि मग कधीतरी बेल्जियमची एखादी बाटली हाती आली की प्रश्न पडतो: इथली सावर दर पंधरवड्याला नवी येते, मग या बाटलीवर दोन-तीन वर्षांच्या गोष्टी कसल्या सांगतात?

उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. इडलीचं पीठ रात्रीत आंबतं, लोणचं मात्र मुरावं लागतं. बिअरमध्येही आंबणं आणि मुरणं ही दोन वेगळी कामं आहेत. फळ्यावरची बहुतेक सावर फक्त आंबवलेली असते. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. त्याचा गोड काढा, म्हणजे वर्ट, उकळून घेतात, चाळीस अंशांच्या आसपास आणतात आणि त्यात लॅक्टोबॅसिलस जिवाणू सोडतात. हे दह्याच्या विरजणातल्या जिवाणूंचे भाऊबंद. त्या उबेत एक-दोन दिवसांत पीएच साडेतीनपाशी येतो. मग काढा पुन्हा उकळून जिवाणू मारायचे आणि नेहमीचं यीस्ट घालायचं. याला केटल सावर म्हणतात. बिअर स्वच्छ, तरतरीत आंबट होते, आणि उन्हाळ्यात मला ती आवडतेही. पण तिचा आंबटपणा ताकासारखा एकसुरी असतो.

दुसऱ्या प्रकारात घाई करणाऱ्या या जिवाणूला मुद्दाम दाराबाहेर ठेवतात. ब्रसेल्स आणि त्याच्या नैर्ऋत्येच्या खेड्यांत होणारी लँबिक ही त्यातली सगळ्यात जुन्या वळणाची. तिच्यात साधारण एक तृतीयांश माल्ट न केलेला गहू असतो आणि बाकी बार्लीचं माल्ट. दाणा भिजवण्याची पद्धत अशी, की काढ्यात साखरेबरोबर बराच स्टार्च आणि लांब साखळीचे डेक्स्ट्रिनही उतरावेत. एरवी ब्रुअर हे टाळतो. इथे ते पुढच्या दोन वर्षांची शिदोरी म्हणून ठेवलेले असतात. मग तीन-चार तास उकळी, तीही दोन-तीन वर्षं जुन्या हॉप्सबरोबर. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा देणारी वेलीची फुलं. जुन्या हॉप्सचा कडूपणा बराचसा गेलेला असतो, पण जिवाणूंना रोखायची ताकद टिकून असते. लॅक्टोबॅसिलस या हॉप्सपुढे सहसा टिकत नाही.

गरम काढा रात्री माळ्यावरच्या उथळ, प्रचंड परातीत ओततात. झडपा उघड्या. सकाळपर्यंत तो थंड होतो आणि हवेतले, लाकडातले, छपरातले जीव त्यात उतरतात. यीस्ट कुणी घालत नाही. म्हणूनच हे काम फक्त थंडीत होतं. रात्रीचं तापमान उणे तीन ते आठ अंशांत असलेलं बरं. २०१५ च्या नोव्हेंबरात रात्री इतक्या उबदार होत्या की ब्रसेल्सच्या कँतियों ब्रुअरीला ठरलेले घाणे रद्द करावे लागले होते. उबेत नको ते जिवाणू आधी माजतात.

सकाळी काढा पिंपांत जातो आणि तिथे पाळ्या सुरू होतात. पहिला महिना आतड्यांत सापडणाऱ्या जिवाणूंच्या कुळातले एंटेरोबॅक्टेरिया आणि काही जंगली यीस्ट यांचा. या काळात पिंपाला उकडलेल्या भाज्यांसारखा वास येतो आणि चव घ्यायची नसते. हे जिवाणू बायोजेनिक अमाइन तयार करतात, काही जणांचं त्यानं डोकं दुखतं. पीएच साडेचारच्या खाली गेला आणि थोडं अल्कोहोल तयार झालं की ते संपतात. मग नेहमीचं सॅकरोमायसीस यीस्ट तीन-चार महिन्यांत सुटी साखर खाऊन टाकतं. इथे साधी बिअर तयार झाली असती.

लँबिकमध्ये खरी गंमत इथून पुढे. हॉप्सला दाद न देणारा पेडिओकॉकस नावाचा जिवाणू आता हळूहळू आम्ल बनवू लागतो. काही प्रकारचे पेडिओकॉकस सोबत साखरेच्या लांब साखळ्यांचा एक चिकट पदार्थ सोडतात, आणि बिअरला चक्क तार सुटते. शिळ्या वरणाला सुटते तशी. वर लोण्याचा वास. ब्रुअर या अवस्थेला ‘आजारी’ म्हणतात. कुठल्याही साध्या ब्रुअरीत ती गटारात जाईल.

तिला बरं करतं ते ब्रेटानोमायसीस, बोलीभाषेत ब्रेट. हे यीस्ट सावकाश वाढतं, साधारण आठव्या महिन्यापासून त्याचा जोर दिसतो. तारेचा चिकटपणा ते मोडतं, लोण्याचा वास देणारं डायअसिटिल पचवतं, आणि सॅकरोमायसीसला न पचलेले डेक्स्ट्रिन एकेक कडी तोडून खातं. सोप्या साखरेची तेव्हा टंचाई असते आणि भोवती आम्ल व अल्कोहोल, त्यामुळे वेग वाढवायला फारसा वाव नाही. उबेनं घाई करायला जावं तर दुसरंच घडतं. पिंपात शिरणाऱ्या हवेवर व्हिनेगर करणारे अॅसिटोबॅक्टर टपलेले असतात, आणि उबेत त्यांचं फावतं. ‘महिने का लागतात’ याचं उत्तर एवढंच आहे: आंबट करणारा मंद आहे, त्यानं केलेला बिघाड दुरुस्त करणारा त्याहून मंद, आणि दोघांच्या पाळ्या उलट्या लावता येत नाहीत.

ब्रेटची ओळख पटली त्यात एक गमतीचा विरोधाभास आहे. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यानं एका पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट वापरात आणलं, आणि पुढच्या काही दशकांत जंगली यीस्ट जगभरच्या ब्रुअऱ्यांतून हद्दपार होत गेलं. इंग्रजांच्या मात्र लक्षात आलं की पिंपात महिनोन्‌महिने साठवलेल्या त्यांच्या स्टॉक एलला शुद्ध यीस्टनं जुनी चव येत नाही. १९०४ मध्ये त्याच कार्ल्सबर्गच्या निल्स येल्टे क्लाउसन यानं कारण सांगितलं: ती चव पिंपातल्या दुसऱ्याच एका यीस्टची होती. नाव ठेवलं ब्रेटानोमायसीस, म्हणजे ब्रिटिश बुरशी. हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणींसाठी पोर्टर नावाची काळपट बिअर लाकडी पिंपांतून जहाजानं येत असे. खडकी आणि पुणे कँपातल्या शिपायांनी ब्रेट नकळत बरंच प्यायलं असणार.

आता पुण्यात हे कसं होतं ते मी एका पिंपापाशी उभं राहून पाहिलं आहे. एका मायक्रोब्रुअरीत काम करणाऱ्या मित्रानं वाइनचं जुनं, सव्वादोनशे लिटरचं ओकचं पिंप मिळवलं होतं. परातीचा नाद त्यानं पहिल्याच दिवशी सोडला. डिसेंबरातसुद्धा इथली रात्र साधारण अकरा-बारा अंशांची, आणि ब्रुअरीच्या मागे पार्किंग. “अरे, हवेतून काय पडेल सांगता येतं का? पहिल्या महिन्याचं नाटक मला नकोच,” तो म्हणाला. त्यानं काढ्याचा पीएच आधीच साडेचारवर आणला, आणि सॅकरोमायसीस, पेडिओकॉकस व ब्रेट हे तिघेही विकत आणून एकदम सोडले. पिंपाची खोली एसीनं वीस अंशांवर. मे महिन्यात दोनदा वीज गेली तेव्हा ओल्या गोणपाटावर निभावलं.

काढ्याची घनता हायड्रोमीटरनं मोजतात, आणि साखर खाल्ली जाते तसा आकडा उतरतो. सुरुवातीला तो १.०५०. तिसऱ्या आठवड्यात १.०१४, पीएच ४.२, प्यायली तर फिकी गव्हाची बिअर. पाचव्या महिन्यात त्यानं पिंपाच्या पुढच्या फळीतला बारीक स्टीलचा खिळा काढून नमुना घेतला. वरचं बूच तो उघडत नाही. आत पृष्ठभागावर यीस्टची पांढरी, सुरकुतलेली साय असते आणि ती हवा काही प्रमाणात अडवते. ती मोडून उगाच व्हिनेगरला निमंत्रण कशाला? ग्लास तिरका केला तर बिअर एरंडेलासारखी सरकली. चमचा उचलला तर बोटभर तार. पीएच ३.६. मालकांनी ओतून टाकायला सांगितलं. मित्रानं पिंपावर खडूनं ‘हात लावू नये’ असं लिहिलं आणि गप्प बसला.

दहाव्या महिन्यात तार गेली होती. पीएच ३.४, हायड्रोमीटरवर १.००६. वास ओल्या गवताचा, चामड्याचा, थोडा गोठ्याचा. मला ती तेव्हाच बाटलीत भरावीशी वाटली आणि मी तसं बोललोही. त्यानं हिशेब सांगितला. हायड्रोमीटरचा शेवटचा एक अंक उतरला की बिअरच्या आकारमानाच्या साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ब्रेट १.००२ पर्यंत सहज जातं. म्हणजे बंद बाटलीत चार अंक, दोन पट वायू, आणि फेसासाठी घातलेली साखर त्यावर वेगळी. साधी बिअरची बाटली एवढं सोसत नाही, फुटते. त्यामुळे आकडा दोन-तीन महिने जागचा हलला नाही, तरच बाटली. इथे ते चौदाव्या महिन्यात झालं, १.००२ वर.

ब्रसेल्सचे लोक यापुढे एक पाऊल जातात. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लँबिक एकत्र करून बाटलीत भरतात. कोवळ्या लँबिकमध्ये उरलेल्या साखरेवर बाटलीतच फेस धरतो. ती गझ. एकच पिंप असलेल्याला हे जमणं शक्य नाही, आणि पिंप आंबट-तुरट एकांगी निघालं तर जुळवून घ्यायला दुसरं नसतं. मित्राच्या पिंपाला व्हिनेगरची किंचित चुणूक होतीच, बहुधा त्या मे महिन्याची.

भरल्यानंतर सहा आठवड्यांनी आम्ही एक बाटली फोडली. पहिला घोट उत्तम. गिळल्यावर पाच-सात सेकंदांनी जिभेच्या मागे उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव उगवली. वासात मात्र काहीच नव्हतं. ज्या रेणूंमुळे हे होतं ते आम्लात उडत नाहीत. लाळेनं पीएच वाढला की मोकळे होतात. त्यातला एक, टू-असिटिल-पायरोलिन, आपल्या चांगलाच ओळखीचा. मुळशी-मावळातल्या आंबेमोहोराचा घमघमाट त्याचाच. भातात हवाहवासा, बिअरमध्ये नकोसा. बाटली भरताना हवा लागली की ब्रेट आणि जिवाणू हे रेणू तयार करतात, आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत ते आपोआप कमी होतात. औषध नाही.

मित्रानं उरलेली बिअर सिंकमध्ये ओतली, खोके पुन्हा खोलीत सरकवले आणि पुठ्ठ्यावर मार्करनं पुढच्या दिवाळीची तारीख घातली.