चौघडीत मोडलेला स्कॅनर

यवतमाळकडच्या आमच्या आठवडी बाजारात क्यूआर कोडला कोणी क्यूआर कोड म्हणत नाही, 'स्कॅनर' म्हणतात. सांभार-वांगी विकणाऱ्या एका मावशींचा स्कॅनर म्हणजे साध्या कागदावरची छापील प्रत. बाजार उठला की तिची चौघडी करून पैशांच्या पिशवीत ठेवायची. परवा तो काही केल्या स्कॅन होईना. "काहून बापू, मागच्या बाजारी त झालं होतं," मावशी म्हणाल्या. कागद उलगडून पाहिला तर मधोमध दोन पांढऱ्या रेघा, एक उभी आणि एक आडवी. घडीवरची शाई झडून गेली होती. बाकी कोड शाबूत होता.

मला नवल वाटलं ते आधीच्या बाजारांचं. घडीवरची शाई काही एका दिवसात जात नाही. इतके दिवस तुटक्या रेघांचा कोड अचूक वाचला जात होता, तो कसा?

कोडमध्ये असतं काय ते आधी पाहू. पैसे घेण्याच्या कोडमध्ये अशी एक ओळ लिहिलेली असते (यातला पत्ता नमुन्याचा आहे):

```
upi://pay?pa=kirana@example&pn=Kirana%20Dukan&cu=INR
```

ही 52 अक्षरं. एवढा मजकूर 33 आडव्या आणि 33 उभ्या घरांच्या चौकोनात मावतो. प्रत्येक घर काळं किंवा पांढरं. आठ घरं मिळून एक आकडा होतो, 0 ते 255 मधला. अशा कोडमध्ये एकूण 100 आकडे असतात. दुरुस्तीची पातळी M निवडली असेल, तर त्यातले 64 मजकुरासाठी आणि उरलेले 36 निव्वळ दुरुस्तीसाठी. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जागा मजकुराला न देता नुकसानीसाठी राखून ठेवलेली आहे.

हे 36 आकडे म्हणजे मजकुराची नक्कल नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. आलेखाचा कागद घ्या. मला 3 आणि 5 हे दोन आकडे पाठवायचे आहेत. पहिल्या उभ्या रेघेवर 3 उंचीला ठिपका देतो, दुसरीवर 5 उंचीला. दोन्ही ठिपक्यांतून पट्टीने सरळ रेष काढून पुढे वाढवली, की ती तिसरीवर 7 ला आणि चौथीवर 9 ला लागते. मी चारही आकडे पाठवतो: 3, 5, 7, 9. वाटेत 7 बिघडून त्याचा 1 झाला, तुम्हाला मिळाले 3, 5, 1, 9. पट्टी लावून पाहा. 3, 5 आणि 9 एका रेषेत बसतात, 1 तेवढा बाहेर पडतो. कोणता आकडा चुकला तेही कळलं आणि तिथे 7 हवा होता तेही कळलं. पण दोन आकडे बिघडून 3, 5, 1, 4 आले, तर कोणतेही तीन ठिपके एका रेषेत येत नाहीत. मग हात टेकायचे.

इथे वाढीव आकडे दोन होते आणि दुरुस्त झाली एक चूक. चूक कुठे आहे ते शोधायला एक आकडा खर्ची पडतो, ती किती आहे ते ठरवायला दुसरा. 1960 मध्ये अमेरिकेतल्या अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सोलोमन यांनी हीच कल्पना सरळ रेषेऐवजी वळणदार बहुपदींवर मांडली. पुढे 1994 मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांच्या गटाने मोटारींच्या सुट्या भागांसाठी क्यूआर कोड तयार केला, तेव्हा दुरुस्तीसाठी हीच रीड-सोलोमन पद्धत घेतली. कारखान्यात तेलाचे आणि मळक्या हातांचे डाग पडणारच होते.

आता पुन्हा मावशींच्या कागदाकडे. त्यांचा कोड 33 घरांचा आणि M पातळीचा धरू. अशा कोडमधले 100 आकडे 50-50 च्या दोन गटांत वाटलेले असतात. प्रत्येक गटात दुरुस्तीचे 18 आकडे, म्हणून प्रत्येक गटात 9 चुकांपर्यंत निभावतं. कागदावर मात्र दोन्ही गटांचे आकडे आळीपाळीने मांडतात: एक पहिल्या गटाचा, पुढचा दुसऱ्याचा. त्यामुळे एका जागी पडलेल्या डागाचं ओझं दोन्ही गटांवर वाटलं जातं.

हे आकडे कागदावर बहुतेक ठिकाणी दोन घरं रुंद आणि चार घरं उंच अशा उभ्या पट्ट्यांत बसतात. म्हणून उभी घडी आणि आडवी घडी यांचं नुकसान सारखं नसतं. मधली उभी घडी वरून खाली जाताना साधारण 8 आकड्यांना लागते. आडवी घडी मात्र एका ओळीत शेजारी शेजारी उभ्या असलेल्या 16 आकड्यांना कापत जाते. यातले सगळेच चुकतात असं नाही, कारण शाई झडून घर पांढरं होतं आणि मुळात पांढरं असलेलं घर बरोबरच राहतं. आडव्या घडीत प्रत्येक आकड्याची दोनच घरं सापडतात आणि दोन्ही पांढरी असण्याची शक्यता चारात एक, म्हणून 16 पैकी 12 च्या आसपास आकडे चुकतात. उभ्या घडीत प्रत्येकाची चार घरं सापडतात, म्हणून आठपैकी बहुतेक सगळेच जातात.

हिशेब लावा. नुसती आडवी घडी असेल तर 12 चुका, दोन गटांत सहा-सहा. निभावतं. नुसती उभी असेल तर गटाला चार. आरामात निभावतं. दोन्ही एकदम म्हणजे 19-20, आणि दोन्ही गटांची मिळून कमाल मर्यादा 18. मागच्या बाजारापर्यंत एखाद्या घडीवर थोडी शाई शिल्लक असणार. ती गेली आणि कोड मर्यादेपलीकडे गेला.

यात आणखी एक बारकावा आहे. फोन प्रत्येक घराचा साधारण मध्य बघतो. कोड साडेसहा सेंटीमीटर रुंद असेल तर एक घर सुमारे दोन मिलिमीटरचं होतं, आणि किल्लीचा अर्ध्या मिलिमीटरचा ओरखडा दोन घरांच्या सीमेवरून गेला तर एकही चूक होत नाही. पण क्यूआर कोडची घरं नेहमी विषम असतात. 33 मध्ये मधली ओळ सतरावी. कागदाच्या मधोमध छापलेल्या कोडची बरोब्बर अर्धी घडी घातली, की ती या सतराव्या ओळीच्या ऐन मध्यातून जाते. मावशी घडी फार नीटस घालत होत्या, आणि तेच नडलं.

मावशींच्या पोराने काळ्या पेनाने दोन्ही रेघा गिरवायला घेतल्या होत्या. मी थांबवलं. पूर्ण रेघ काळी केली तर आधी चुकलेली घरं बरोबर होतात, पण तितकीच पांढरी घरं चुकीची होतात. पेन कामाला येतो तो कोपऱ्यातल्या तीन मोठ्या चौकोनांवर. त्यांच्यावरूनच फोन कोड ओळखतो, आणि त्यांना रीड-सोलोमनचं संरक्षण मुळीच नसतं. मजकूर पूर्ण शाबूत असूनही एका चौकोनावर पानाची पिंक पडली तर फोन ढिम्म राहू शकतो. मात्र त्यांचा आकार ठरलेला असतो: मध्ये तीन बाय तीनचा काळा ठोकळा, भोवती एका घराची पांढरी चौकट, त्याबाहेर एका घराची काळी. त्यामुळे ते हाताने दुरुस्त करता येतात.

कोडच्या मध्यात चिन्ह छापायची हौस असेल तर तेही याच शिलकीतून जातं. म्हणून अशा कोडला सर्वांत वरची H पातळी देतात, जिच्यात सुमारे 30 टक्के आकडे बिघडले तरी चालतात. M मध्ये ही मर्यादा सुमारे 15 टक्के. H ला तोच मजकूर जास्त घरांत मांडावा लागतो, म्हणून तेवढ्याच कागदावर घरं बारीक होतात आणि बारीक घरांना बारीक ओरखडाही पुरतो.

मावशींना नवी प्रत काढून दिली. कोड कागदाच्या वरच्या अर्ध्यात, एका बाजूला छापला. आता तीच चौघडी घातली तरी दोन्ही घड्या कोऱ्या कागदावर पडतात.