गोळीतले लोह किती?

परळमधल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात लोहाच्या गोळ्यांची दोन-तीन वेगवेगळी पाकिटे मागून घ्या आणि मागचा बारीक मजकूर वाचा. औषधाच्या नावापुढे मिलिग्रॅमचा एक आकडा असतो, आणि बऱ्याचदा त्याखाली ‘एलिमेंटल आयर्न’ म्हणून दुसरा, बराच लहान आकडा असतो. पहिला आकडा संयुगाचा, दुसरा त्यातल्या निव्वळ लोहाचा. शरीराच्या हिशेबात दुसरा धरायचा. पहिल्यावरून तो काढायला अणुवस्तुमानांचा तक्ता आणि साधा भागाकार पुरतो.

फेरस सल्फेट घेऊ, म्हणजे आपला जुना हिराकस. त्याच्या हिरवट स्फटिकांचे सूत्र FeSO4·7H2O. लोहाचे अणुवस्तुमान 55.85, गंधकाचे 32.06, ऑक्सिजनच्या चार अणूंचे मिळून 64.00. बेरीज 151.91. पण स्फटिकात लोहाच्या प्रत्येक अणूमागे पाण्याचे सात रेणूही बसलेले असतात. त्यांचे वजन 126.11, म्हणून एकूण सूत्रवस्तुमान 278.02. आता 55.85 ला 278.02 ने भागून शंभराने गुणले की 20.09 येते. म्हणजे हिराकसात वजनाने साधारण 20 टक्केच लोह. 300 मिलिग्रॅम हिराकसातून लोह मिळते ते 60 मिलिग्रॅम.

विद्यार्थी इथे हमखास अडखळतात ते पाण्यापाशी. पाणी काही खरा घटक नव्हे, असे समजून ते सोडून देतात आणि उत्तर 36.77 टक्के काढतात. तराजूला मात्र हा भेद कळत नाही. स्फटिक तोलला की त्याबरोबर त्याचे पाणीही तोलले जाते, आणि हिराकसात ते 45 टक्क्यांहून जास्त आहे. म्हणूनच औषधात बऱ्याचदा ‘वाळवलेले’ फेरस सल्फेट वापरतात. तापवून त्यातले बहुतेक पाणी घालवलेले असते, साधारण एक रेणू उरतो. वजन 169.93 वर येते आणि लोहाचे प्रमाण 32.87 टक्क्यांवर चढते. लोह तेवढेच, पण गोळी लहान.

गंमत पुढे आहे. दुसऱ्या पाकिटावर फेरस फ्युमरेट असेल, सूत्र FeC4H2O4. यात गंधक नाही, पाणी नाही, उलट कार्बन आहे. बेरीज केली तर 169.91, आणि लोह पुन्हा 32.87 टक्के! दोन्ही संयुगांत लोहाचा एकेकच अणू आहे आणि उरलेल्या भागांची वजने योगायोगाने जवळजवळ सारखी आहेत. एका मूलद्रव्याच्या शेकडा प्रमाणावरून संयुग ओळखता येत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

हे सगळे आकडे शुद्ध संयुगाचे. मुंबईच्या जुलैमध्ये प्रयोगशाळेतली हिराकसाची बाटली झाकण सैल ठेवून सोडली, तर दमट हवेतला ऑक्सिजन फेरस लोहाला फेरिक करत जातो आणि हिरव्या स्फटिकांवर तपकिरी पुटे चढतात. कोरड्या हवेत उलटे होते: पाणी उडून पृष्ठभाग पांढरट, भुकटीसारखा होतो. सूत्रातून काढलेले 20.09 दोन्ही ठिकाणी खोटे ठरते.

ते कसे कळणार? बारावीत करतात त्या पोटॅशियम परमँगनेटच्या अनुमापनाने. विरल गंधकाम्लात विरघळवलेल्या नमुन्यात ब्युरेटमधून जांभळे द्रावण थेंबथेंब सोडायचे, आणि फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचे. 0.02 मोलार द्रावणाचा प्रत्येक मिलिलिटर 5.585 मिलिग्रॅम फेरस लोहाशी अभिक्रिया करतो. समजा, 0.600 ग्रॅम हिराकस तोलला. तो अस्सल असेल तर त्यात 120.5 मिलिग्रॅम लोह हवे, म्हणजे ब्युरेटवर सुमारे 21.6 मिलिलिटर. वाचन 20.0 आले, तर फेरस लोह 111.7 मिलिग्रॅम, म्हणजे 18.6 टक्केच. नमुना शुद्ध म्हणून घेतला असेल, तर पहिला संशय हवेवर, काही लोह फेरिक झाले असणार. वाचन 23.0 आले, तर प्रमाण 21.4 टक्के होते. लोह काही वाढलेले नसते, पाणी उडालेले असते.

खरी पंचाईत दोन्ही एकदम झाल्यावर. थोडे पाणी गेले, थोडे लोह फेरिक झाले, तर वाचन नेमके 21.6 येऊन बिघडलेला नमुना उत्तीर्ण होऊ शकतो, कारण परमँगनेट फक्त फेरस लोह मोजते. अशा वेळी तेवढाच दुसरा नमुना घ्यावा, आम्लात जस्त टाकून त्यातले फेरिक लोह परत फेरस करावे, उरलेले जस्त गाळून काढावे आणि मग अनुमापन करावे. हे वाचन पहिल्यापेक्षा जितके जास्त, तितके लोह हवेने बदललेले होते.